हजेरीत जिवंत ठेवलेला माणूस

गेल्या महिन्यात माझ्या घरी दोन कागद आले. एक, आमच्या सोलापुरातील एका जुन्या गिरणीची गुळगुळीत कागदावर छापलेली स्मरणिका. तिच्यात लिहिले आहे की, त्या काळच्या दूरदर्शी मॅनेजरांनी 'स्वयंस्फूर्तीने' कार्डिंग म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यातील प्रत्येक साच्याला, म्हणजे यंत्राला, लोखंडी जाळी बसवली आणि कामगारांच्या जीविताची काळजी घेण्यात साऱ्या इलाख्याला मागे टाकले. दुसरा कागद एका भाषणाचा. भाषण करणारे गृहस्थ आज प्रतिष्ठित आहेत आणि त्या खात्यात बळी गेलेल्या कामगाराचे चिरंजीव आहेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कचेरीतल्या एका कारकुनाने साहेबाची मर्जी राखण्यासाठी त्यांच्या चुलत्याचे नाव फोडले आणि त्या निष्पाप माणसाची भाकरी घालवली.

तो कारकून मी. दोन्ही हकिकती खोट्या आहेत. पहिली लबाडीने लिहिलेली आहे, तिच्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती. दुसरी दुःखातून आलेली आहे, म्हणून तिला अधिक काळजीपूर्वक उत्तर दिले पाहिजे. ते चिरंजीव त्या वेळी रांगत होते. मी उभा होतो.

माझा जन्म सोलापूरच्या पूर्वभागातला. आमच्या ओळीत दोन्ही बाजूंना पद्मसाळी विणकरांची घरे. मराठी घरात शिकलो आणि तेलुगू ओट्यावर. दखनी तर कोणी शिकवावीच लागत नसे. कलेक्टर कचेरीत नोकरीला लागलो तेव्हा माझ्या इंग्रजीपेक्षा या ओट्यावरच्या विद्येचीच साहेबलोकांना गरज अधिक पडे. त्यामुळे मुंबईहून कारखान्यांचे इन्स्पेक्टर तपासणीस आले की दुभाष्या म्हणून माझी रवानगी त्यांच्याबरोबर होई. नुकसानभरपाईचा कायदा येऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. कामगारांपैकी बहुतेकांना तो ठाऊकच नव्हता. गिरण्यांच्या मॅनेजरांना मात्र तो चांगला ठाऊक होता.

ज्या तपासणीविषयी मी लिहितो आहे तिला आलेले इन्स्पेक्टर शिक्षणाने इंजिनिअर होते. बोलणे थोडे, हिंदुस्थानी मोडकी, आणि चेहऱ्यावर आपण फसवले जात आहोत याची कायमची खात्री. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी खाते पाहायचे, मग कागद पाहायचे, मग माणसांना विचारायचे; आणि तिन्ही ठिकाणचे एकमेकांशी जुळते का ते ताडायचे. मला ते म्हणाले होते, "तिन्ही अगदी जुळले तर समजावे की कोणीतरी जुळवून ठेवले आहे."

कार्डिंग खात्यात आम्ही शिरलो तेव्हा श्वास घेणे म्हणजे कापूस खाणे होते. पिंजलेल्या कापसाचे तूस माणसांच्या भुवयांवर, मिशांवर, पापण्यांवर बसलेले. या साच्यात बारीक तारांनी मढवलेला मोठा पिंप फिरतो आणि कडेच्या दातेरी चाकांवरून बाकीचे भाग चालतात. त्या चाकांत तूस अडकते, ते फडक्याने पुसावे लागते. साचा थांबवून पुसावे हा नियम. पण तो पिंप इतका जड की पट्टा सरकवून साचा बंद केल्यावरही पुष्कळ वेळ आपल्याच वेगाने फिरत राहतो. तो थांबेपर्यंत वाट पाहणारा कामगार जॉबरच्या, म्हणजे माणसे कामाला लावणाऱ्या मुकादमाच्या, शिव्या खातो. त्यामुळे त्या खात्यात साचा चालता ठेवूनच पुसण्याची वहिवाट होती, आणि सगळ्या ओळीत दातेरी चाके उघडी होती. एक साचा सोडून. त्याच्या चाकांवर कोरी करकरीत जाळी होती.

साहेबांनी जाळीवरून बोट फिरवले. बोटाला काही लागले नाही. शेजारच्या साच्यावरून फिरवले तर बोट लोकर गुंडाळल्यासारखे झाले.

"ही कधी बसवली?" त्यांनी विचारले.

मॅनेजर म्हणाले, "नमुना म्हणून बसवली आहे. पसंत पडली की सगळ्यांना बसवू." मॅनेजर सभ्य गृहस्थ होते, हे मी आजही म्हणेन. सभ्यपणाने खोटे बोलता येते, ही त्यांच्यापासून मला मिळालेली शिकवण.

त्या साच्यावर एक तरुण उभा होता. साहेबांनी माझ्याकरवी त्याचे नाव विचारले. त्याने सांगितले. मी ते उच्चारताना क्षणभर अडखळलो, कारण त्या नावाचा माणूस माझ्या ओळखीचा होता, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, आणि तो हा नव्हता. हा त्याचा धाकटा भाऊ. थोरला काही आठवड्यांपूर्वी धनुर्वाताने वारला होता, हे आमच्या ओळीत सगळ्यांना माहीत होते. मी साहेबांना तेवढेच सांगितले जेवढे त्या तरुणाने सांगितले होते. दुभाष्याचे काम दुसऱ्याचा शब्द इकडून तिकडे नेण्याचे. स्वतःचा शब्द त्यात मिसळण्याचे नव्हे. चिरंजीवांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

दुपारी कागद पाहिले. कामगार जखमी होऊन अठ्ठेचाळीस तासांहून अधिक कामावर आला नाही, तर मॅनेजरने इन्स्पेक्टरला अपघाताची खबर द्यावी, असा कायदा. अपघातांची वही समोर आली. कित्येक महिने कोरी. हजेरीचे मस्टर मागवले. कार्डिंग खात्यात कोणाचाही मोठा खाडा नाही. साहेबांनी दोन्ही मिटले आणि गिरणीच्या दवाखान्याच्या कंपाउंडरला बोलावून एवढेच विचारले, "आयोडिन किती दिवसांनी संपते?"

कंपाउंडर बिचारा बेसावध. म्हणाला, "पुरतच न्हाय की साहेब. मागितल्यावर परत मागायला लागतंय. पट्टीचं कापड तर लई लागतंय."

"वही कोरी आहे. मग पट्टी कोणाला बांधता?"

कंपाउंडरने मॅनेजरांकडे पाहिले आणि त्याला आपण काय बोललो ते कळले. "येत्यात लोक. हात दावत्यात. मी बांधतो. नाव-गाव कुटं इचारत बसू?"

कोड्याचा उलगडा मला तिथेच झाला होता. साहेबांना व्हायचा होता. आमच्या गिरण्यांतून एक रीत होती. माणूस जखमी झाला, घरी पडला, तर त्याची जागा जाऊ नये म्हणून घरातलाच कोणी भाऊ, मेहुणा, चुलतभाऊ त्याच्या नावावर साच्याला उभा राही. हजेरीत नाव त्याचे, हात दुसऱ्याचे. पगार घरात येई, जागा टिके, जॉबरला माणूस शोधावा लागत नसे, आणि मॅनेजरांच्या वहीत कोणी कधी जखमी होत नसे. या सोयीत सर्वांचे हित दिसे. कामगारांनी ती स्वतः, आपल्या मायेपोटी चालू ठेवली होती. खाडा नाही तर अपघात नाही, अपघात नाही तर जाळीची गरज नाही, एवढा पुढचा हिशेब त्यांतल्या कोणी मांडला नव्हता.

मग जबान्या. मॅनेजरांनी आपली खोली देऊ केली, चहाही देऊ केला. पहिल्या चौघांनी एकच वाक्य सांगितले: "साचा बंद करून पुसतो, कुणाला काय लागलेलं न्हाय." तेलुगूत सांगणाऱ्यानेही तेच, त्याच क्रमाने. साहेब उठले आणि मॅनेजरांना म्हणाले, बाकीच्यांशी मी पाण्याच्या टाकीपाशी बोलेन, आपण येण्याची तसदी घेऊ नये. लिंबाखाली खोके मांडून बसलो. तिथेही वाक्य तेच. फक्त आवाज खाली गेला.

परतताना दारात जॉबर भेटला. उंच, पान खाल्लेला, आमच्याच पेठेतला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काय रावसाहेब, साहेबाच्या मागं फिरून पायाला फोड आलं असतील की. एक सांगू का? तुमी कचेरीतली मानसं उद्या जाताल. आमाला हितंच ऱ्हायचंय."

"मी पण इथलाच आहे," मी म्हणालो.

"व्हय की. म्हणून तर सांगतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी डाक बंगल्याच्या पायरीवर ती बसलेली होती. मेलेल्या कामगाराची बायको. घरी विड्या वळणारी, बोटे तंबाखूने काळपट पडलेली. मी तिला निरोप पाठवला नव्हता, मॅनेजरांनी पुढे कोर्टात तसे सुचवले तरी. टाकीपाशी गेलेल्यांपैकीच कोणाच्या तरी घरून तिला साहेब आल्याचे समजले होते. ती तेलुगूत बोलली. मी तिचे बोलणे जसेच्या तसे मराठीत देतो, कारण ते मला अजून पाठ आहे.

"घरात मी त्याचं सगळं केलं. बांगड्या फोडल्या. आणि रोज सकाळी भोंगा झाल्यावर गिरणीत त्याचं नाव पुकारतात. माझा दीर 'हाजर' म्हणतो. शेजारणी येऊन सांगतात, आज पण पुकारलं म्हणून. साहेबाला म्हणावं, ते नाव पुकारणं बंद करा."

साहेबांनी विचारले, "आणखी काय पाहिजे?"

"आणखी काय असतं?"

तिला भरपाईचा कायदा माहीतच नव्हता. साहेबांनी तो सांगितला, मी समजावला. तिने तो ऐकून घेतला, पण फारसा विश्वास ठेवला नाही. मग तिने पदराची गाठ सोडून एक तांब्याची अंगठी पायरीवर ठेवली. अंगठी म्हणजे आता एक चपटी पट्टी होती, आणि तिच्या मधोमध एक सरळ खाच पडलेली. नवऱ्याचा हात चाकांत गेला त्या दुपारी जॉबरने दिराला घरून बोलावून साच्यावर उभे केले, आधी चाके साफ करायला लावली. ही अंगठी त्याला दात्यांत मिळाली. अंगठीखेरीज जे मिळाले ते त्याने काय केले, हे त्याने तिला सांगितले नाही आणि तिने विचारले नाही.

साहेब अंगठी घेऊन गिरणीत गेले. साचा बंद करायला लावला, पिंप थांबेपर्यंत खिशात हात घालून उभे राहिले. तो किती वेळ थांबत नाही हे तेव्हा मॅनेजरांसकट सगळ्यांनी पाहिले. जाळी उतरवली, अंगठीची खाच दात्यावर धरली. बसली.

मॅनेजर म्हणाले, "कोणीही अंगठी नंतर दात्यांत घालून चेपू शकतो. आणि तो माणूस घरी मागावरच काही लागून गेला, असे माझ्या ऐकण्यात आहे."

"मरणाची नोंद नगरपालिकेत आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या मस्टरमध्ये तो त्यानंतरही हजर आहे."

"मग आम्हालाच फसवले गेले. तो तोतया असल्याचे त्याच्या तोंडून ठरले की त्याच दिवशी काढतो."

हे उत्तर तयार होते. साहेब मला नंतर म्हणाले, "मॅनेजरचे बरोबर आहे. अंगठी दुजोरा देईल, साक्ष देणार नाही. नगरपालिकेची नोंद मस्टर खोटे ठरवील, पण जखम कुठे झाली ते सांगणार नाही. त्या दिवशी चाके ज्याने उघडी पाहिली, रक्त ज्याने पुसले, असा एक माणूस पाहिजे." आणि असा एकच माणूस होता, तो धाकटा भाऊ; आणि बोलण्याआधी त्याला, हजेरीत ज्याचे नाव आहे तो मी नाही, असे कबूल करावे लागणार होते.

त्यांनी विधवेला पुन्हा बोलावून मला तिला हे स्पष्ट सांगायला लावले: दीर बोलला तर त्याची जागा जाईल, आणि आज तुझी पोरे ज्या पगारावर जेवतात तो बंद होईल. तिने सगळे ऐकले. म्हणाली, "ते मला कळतं. पण त्याच्या वतीनं मी सांगणार नाही. त्यालाच विचारा. आणि त्याला एवढं सांगा, तो बोलला किंवा नाही बोलला, ताट त्याचं तिथंच असेल."

चिरंजीव म्हणतात मी नाव फोडले. फोडायला उरले काय होते? आपल्या आईने काय केले हे त्यांना घरी कोणी सांगितले नसेल, तर तो दोष माझा नव्हे.

टाकीपाशी त्या तरुणाला बोलावले. साहेबांनी प्रथम कायद्यातली सवलत सांगितली: ज्या प्रश्नाच्या उत्तराने तू स्वतःच गुन्ह्यात सापडशील, त्याचे उत्तर देण्याची तुझ्यावर सक्ती नाही. मी ते तेलुगूत सांगितले. त्याने मान हलवली. साहेब म्हणाले, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितले, आणि त्याच्याच तोंडून म्हणवून घेतले. मग वहिनीचा निरोप दिला.

तो बराच वेळ हातातले फडके पिळत राहिला. फडके कोरडे होते.

"मी सांगितलं तर हजेरीतून अण्णाचं नाव काढतील?"

"काढावे लागेल," मी म्हणालो.

"आणि माझं?"

"तुझं तर तिथं नाहीच."

तो हसला. मी माणसांना अनेक प्रकारे हसताना पाहिले आहे. तसे हसू पुन्हा पाहिले नाही. "मग माझं काय काढणार," तो म्हणाला आणि बोलू लागला.

त्याने सारे सांगितले. जाळी नव्हती. पिंप अजून फिरतच होता, हा येईतो फक्त मंदावला होता. चाकांवर भावाच्या सदऱ्याची बाही होती. जॉबर म्हणाला, पूस आणि चालू कर, आणि कोणी विचारलं तर तूच तुझा भाऊ. घरी गेला तेव्हा भाऊ शुद्धीवर होता; साचा कसा चाललाय म्हणून विचारत होता. पुढे जबडा धरला. जाळी आली ती प्रेत उचलल्यानंतरच्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी.

साहेबांनी लिहिले, मी वाचून दाखवले, त्याने अंगठा उठवला. कोणाचा अंगठा हे लिहिण्याची वेळ आली तेव्हा साहेबांनी नाव विचारले. किती तरी दिवसांत प्रथमच त्याने गिरणीच्या आवारात स्वतःचे नाव उच्चारले.

एक बोलल्यावर, भाषणात म्हटल्याप्रमाणे, 'सारे खाते एकदिलाने' पुढे आले काय? नाही. दोघे आले. बाकीचे साच्यांकडे पाहत राहिले, आणि त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांतल्या कितीकांच्या हजेरीत कोणी दुसराच जगत होता ते मला माहीत होते. मी ते साहेबांना सांगितले नाही; त्यांनी मला विचारलेही नाही.

पुढचे थोडक्यात. अपघाताची खबर न दिल्याबद्दल आणि चाके उघडी ठेवल्याबद्दल खटला झाला. मॅनेजरांना दंड झाला, तो त्यांनी त्याच दिवशी भरला आणि कोर्टाबाहेर मला नेहमीच्याच सभ्यपणे नमस्कार केला. भरपाईचे प्रकरण वर्षभर रेंगाळले. गिरणीच्या वकिलांनी कामगाराने मुद्दाम नियम मोडला असा पवित्रा घेतला. जॉबरला जबानीत विचारण्यात आले की साचा बंद करून पुसताना त्याने कोणाला शेवटचे कधी पाहिले. त्याने गिरणीच्या वकिलांकडे पाहिले. रक्कम भरपाईच्या कमिशनरांकडे जमा झाली आणि विधवेला मिळाली. जाळ्या साऱ्या ओळीला बसल्या, त्या इन्स्पेक्टरच्या लेखी हुकुमाने, मुदत घालून. स्मरणिकेतली 'स्वयंस्फूर्ती' ती ही.

आणि दुसरेही एक घडले, जे दोन्ही कागदांत नाही. गिरणीने हजेरीची पद्धत कडक केली. चेहरा पाहून नाव घेऊ लागले. दुसऱ्याच्या नावावर उभे असलेले जे सापडले ते त्याच दिवशी बाहेर झाले, आणि ज्यांच्या नावावर ते उभे होते ते घरात पडलेले जखमीही नोकरीतून गेले. यापुढे ज्याचा हात जाई त्याची जागाही जाई. अपघातांची वही भरू लागली. माझ्या पेठेत काही ओट्यांवर मला कोणी बस म्हणेनासे झाले. या कामात चूक कोणाची, हा प्रश्न मला पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे घातला आहे. मी जे भाषांतर केले त्यातला एक शब्द खोटा दाखवा, एवढेच माझे उत्तर असे, आणि आजही आहे.

धाकट्याला सोलापुरातल्या कुठल्याच गिरणीने घेतले नाही. तो पुन्हा घरच्या मागावर बसला; पुढे लुगडी खांद्यावर टाकून करमाळा, टेंभुर्णीकडच्या बाजारांत फिरे. वाटेत भेटला की थांबे. त्याने मला कधी बोल लावला नाही. पुतण्याने लावला आहे.

त्या जबानीच्या दुसऱ्या सकाळी मी साहेबांच्या सांगण्यावरून हजेरी पाहायला गेलो होतो. फाटकाबाहेर बायकांच्या घोळक्यात ती उभी होती. कडेवर पोर होते, तेच ज्यांनी आता भाषण केले आहे. भोंगा झाला. हजेरी-कारकून कार्डिंग खात्याची नावे पुकारू लागला. त्या नावापाशी आला, तोंड उघडले, पेन्सिल वहीवर आडवी ओढली आणि पुढचे नाव घेतले. तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतले आणि ती घराकडे चालू लागली. दीर फाटकाच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीला टेकून उभा होता. तो तिच्या मागोमाग, थोडे अंतर ठेवून गेला.